ताप, लग्न आणि दोन अर्ज

भाचीने माझ्यापुढे वही उलटी करून ठेवली. शेवटच्या पानावर, भूमितीच्या एका अर्धवट आकृतीखाली, तिने सुट्टीची कारणं टिपून ठेवली होती. तशीच्या तशी देते:

गुरुवारी ताप होता म्हणून नाही आले
शुक्रवारी पण ताप (१०२), भूमितीची टेस्ट बुडली
शनिवारी बरं नव्हतं
१८ पासून ताईचं लग्न बार्शीला, मंगळ ते शुक्र ४ दिवस
हळद लग्न पूजा, घरी कोणीच नाही
प्रयोगवही २० ला आहे ती नंतर देते
१९ ला पोवाडा!!! बाईंना सांगायचं
सुट्टी पाहिजेच

‘शनिवारी’ या शब्दापुढे आधी काहीतरी लिहून पेनने गिरवून टाकलेलं होतं. ‘पाहिजेच’खाली दोन रेघा होत्या.

ती तेव्हा नववीत होती. तो रविवार होता, ९ फेब्रुवारी २०२५. दुसऱ्या दिवशी तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर ती शाळेत जाणार होती आणि वर्गशिक्षिकेने मैत्रिणीकडून निरोप पाठवला होता की अर्ज घेऊनच ये. बहीण म्हणाली, “तू ऑफिसात दिवसभर अर्जच बघतेस, तूच दे लिहून.” मी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो. तो कोणाकडे पाठवायचा हे मला विषयाची ओळ आणि शेवटची विनंती वाचून ठरवावं लागतं, त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला काय हवं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण लिहून द्यायला मी तयार नव्हते. “तू लिही, मी शेजारी बसते,” असं मी भाचीला सांगितलं. पुढच्या वर्षी दहावीला पत्रलेखन आहेच, आणि अर्ज तिचा आहे, तर तो तिच्याच अक्षरात हवा.

तिने सुरुवात करून ठेवलेलीच होती. गाइडमधला ‘आजारपणामुळे रजा मिळण्याबाबत’ हा नमुना समोर घेऊन पहिल्या चार ओळी उतरवल्या होत्या आणि मग अडली होती, कारण नमुन्यातला मुलगा फक्त आजारी पडला होता. त्याच्या घरी लग्न नव्हतं. अडण्याआधी तिने ‘मी शाळेत येऊ शकलो नाही’ हे वाक्यही जसंच्या तसं घेतलं होतं. नमुना मुलाच्या नावाने असला की मुली हे हमखास करतात, आणि खाली सही करतानाही ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहून मोकळ्या होतात. ते मी फक्त दाखवलं. खरी अडचण वेगळी होती.

तिच्या आठ ओळींत दोन निराळी कामं एकत्र झाली होती. पहिल्या तीन ओळी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहेत. ती गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी आलीच नाही. हजेरीपटावर, म्हणजे बाई ज्याला कॅटलॉग म्हणतात त्यावर, तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण कधीच पडली आहे. त्या दिवसांची सुट्टी आता मागता येत नाही. तिथे फक्त कारण कळवायचं, पुरावा जोडायचा आणि अनुपस्थिती मान्य करावी असं म्हणायचं. चौथ्या ओळीपासून पुढची गोष्ट सुरू होते. तिथे बाईंनी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही, म्हणून ती खरी परवानगीची मागणी आहे. हे दोन्ही एका अर्जात आले की विषयाच्या ओळीत काय लिहायचं इथूनच घोळ सुरू होतो. ‘आजारपणामुळे व लग्नानिमित्त सुट्टी मिळण्याबाबत’ असं वाचल्यावर कोणत्याही शिक्षिकेच्या मनात येणार की आधी ताप, लगेच लग्न, नक्की काय चाललंय? खरा ताप विनाकारण खोटा वाटायला लागतो.

भाचीला मात्र उलटंच सुचलं होतं. “मावशी, लग्नाला पण तापच लिहू या का? म्हणजे अजून अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, असं. लग्नाला सोडत नाहीत. मागे एकीला बाई सगळ्यांसमोर बोलल्या.”

तिची भीती खोटी नव्हती. लग्न, वास्तुशांत, जत्रा ही कारणं शिक्षकांना आवडत नाहीत, विशेषतः फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना. पण मी तिला विचारलं, “लग्नात मेंदी काढणार ना? मग सोमवारी तो हात घेऊन वर्गात बसशील, तेव्हा बाई काय वाचतील?” ती गप्प झाली. मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला ती मेंदीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. अर्जाखाली आईची सही असणार आहे. अर्जात खोटं लिहिलं तर ते आईच्या सहीने लिहिलेलं ठरतं. शिवाय पुढच्या वर्षी दहावीला बोर्डाची ७५ टक्के उपस्थितीची अट असते. तेव्हा खरंच आजारी पडून दिवस कमी पडले, तर हिच्या कागदावर बाईंनी विश्वास ठेवावा एवढी जागा आता राखून ठेवायला हवी. लग्न हे कारण लपवण्यासारखं नाही. ते आधी कळवलं, नेमक्या तारखा दिल्या आणि त्या दिवसांत शाळेचं जे काम आहे त्याचं काय करणार ते सांगितलं, तर बहुतेक शिक्षिका समजून घेतात. त्यांना राग येतो तो परत आल्यावर सांगितल्याचा.

म्हणून दोन कागद ठरले. एकाच दिवशी द्यायचे असले तरी वेगवेगळे. पहिला अर्ज बाई हजेरीपटाला लावून ठेवतील. दुसऱ्यावर त्यांना होकार-नकाराचा शेरा मारायचा आहे. एका कागदावर दोन्ही असतील तर शेरा कशाला लागू आहे हेच कळत नाही. आमच्या ऑफिसात एका अर्जात दोन मागण्या आल्या की त्यातली एक हमखास मागे राहते. ती कुणी मुद्दाम अडवत नाही, वाचणाऱ्याचं लक्ष पहिल्या मागणीवर संपलेलं असतं.

आधी आजारपणाचा अर्ज घेतला. लिहिण्यापूर्वी मी तिला प्रश्न विचारत गेले, कारण कच्च्या टिपणात जे नसतं तेच अर्जात लागतं. ताप कधीपासून? बुधवारी रात्रीपासून. डॉक्टरांकडे कधी गेलात? शुक्रवारी संध्याकाळी. चिठ्ठी आहे? आईने औषधांच्या पिशवीतून काढून आणली. चिठ्ठीवर तारीख ७ होती आणि औषधांच्या खाली डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती असं लिहिलेलं होतं. म्हणजे शुक्रवार आणि शनिवार कागदावर आले. गुरुवारचा दिवस चिठ्ठीत नव्हता, कारण त्या दिवशी घरच्या गोळीवर भागवलं होतं. भाची म्हणाली, मग डॉक्टरांना मागची तारीख घालून दुसरी चिठ्ठी मागू या का. त्याची काही गरज नव्हती. दोन-तीन दिवसांच्या साध्या आजारपणात वर्गशिक्षिकेला पालकांची सही पुरते, गुरुवारचा दिवस त्या सहीवर निभावतो. मूळ चिठ्ठीही द्यायची नाही, औषधं पुन्हा आणायला ती लागते. छायाप्रत जोडायची आणि अर्जाच्या तळाशी ‘सोबत’ म्हणून लिहायचं, नाहीतर कागद सुटा होऊन पडला तर कोणाचा ते कळत नाही. लांबचं आजारपण असतं किंवा गोवर-कांजिण्यांसारखं काही असतं, तर मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र आणि परत येताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो प्रकार इथे नव्हता.

मग शनिवारचा गिरवलेला शब्द. आई स्वयंपाकघरात गेल्यावर तिने हळूच सांगितलं. ताप शनिवारी सकाळी उतरला होता, पण पाळी आली होती आणि पोट इतकं दुखत होतं की ती उठलीच नाही. तिने आधी ते लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. तिला वाटत होतं की अर्ज आहे म्हणजे सगळं खरं खरं लिहावं लागणार, आणि अर्ज वर्गात बाईंच्या टेबलावर पडून राहतो, मॉनिटर वह्या गोळा करताना तो कोणीही वाचतो.

हे मला फार आत लागलं. मी तिला सांगितलं की खोटं लिहायचं नाही, पण सगळं उघडं करायचंही नसतं. ‘प्रकृती बरी नसल्याने’ एवढं म्हटलं की ते पूर्ण खरं आहे आणि पुरेसं आहे. औपचारिक भाषेचा हाच तर उपयोग असतो. शरीराच्या तक्रारीला तिथे एक झाकलेला, सभ्य शब्द तयार मिळतो आणि वाचणारी बाई तो शब्द तसाच स्वीकारते. उलट्या किती झाल्या, ताप १०२ होता की १०१, हेही अर्जात लागत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं काम. बाईंना आणखी काही जाणून घ्यायचं असेल तर त्या बाजूला बोलावून विचारतील, आणि तेव्हा तोंडी सांगता येईल. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

विनंतीच्या वाक्यावर आम्ही जरा थांबलो. तिने लिहिलं होतं, ‘तरी मला ३ दिवसांची सुट्टी मिळावी.’ गाइडमध्ये तसंच होतं. मी तिला वर लिहिलेली तारीख दाखवली. अर्ज १० तारखेचा आणि सुट्टी ६ तारखेपासून मागायची, हे जुळत नाही. ‘अनुपस्थिती मान्य करावी’ असं लिहिल्यावर तारीख, विषय आणि शेवट एका रेषेत आले. अर्ज नीट झाला की नाही हे तपासायला मी ऑफिसातही हेच करते. मधला सगळा मजकूर हाताने झाकून फक्त विषय आणि शेवटची विनंती वाचायची. दोन्हींतून एकच काम सांगितलं जात असेल तर अर्ज ठीक आहे.

मांडणीबद्दल तिलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही शाळेत उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहायचो. तिच्या पुस्तकात सगळं डाव्या समासाला लागून येतं, आधी दिनांक, मग प्रति, मग विषय. मी तिच्या पद्धतीनेच लिहू दिलं, बाई तेच शिकवतात. एकच भर घातली, हजेरी क्रमांक. साठेक मुलींच्या वर्गात कॅटलॉग क्रमांकाने चालतो, नावाने नाही. क्रमांक दिला की बाईंचं बोट थेट त्या ओळीवर जातं.

पहिला अर्ज असा झाला. नावगावाच्या जागा मी मोकळ्या ठेवते आहे.

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता ९ वी, तुकडी ब,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : आजारपणामुळे दि. ६ ते ८ फेब्रुवारी या काळात अनुपस्थित राहिल्याबाबत.

महोदया,
मी इयत्ता ९ वी ब मधील विद्यार्थिनी असून माझा हजेरी क्रमांक २७ आहे. दि. ६ व ७ फेब्रुवारी रोजी मला ताप होता आणि दि. ८ रोजीही प्रकृती बरी नसल्याने मी शाळेत येऊ शकले नाही. डॉक्टरांनी विश्रांती घेण्यास सांगितले होते. त्यांच्या चिठ्ठीची छायाप्रत सोबत जोडली आहे.

दि. ७ रोजी झालेली भूमितीची घटक चाचणी मला देता आली नाही. ती पुन्हा देण्याची संधी मिळावी. या तीन दिवसांत झालेला अभ्यास मी पूर्ण करून घेत आहे.

तरी माझी वरील तीन दिवसांची अनुपस्थिती मान्य करावी, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव)

पालकांची सही :
सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत

‘आज्ञाधारक’ हा शब्द मला स्वतःला फारसा आवडत नाही. ‘विनम्र’ म्हटलं तरी चालतं. पण तिच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला तोच होता, म्हणून ठेवला. ‘विद्यार्थिनी’तला ‘थि’ ऱ्हस्व हे तिला सांगावं लागलं. पहिल्याच ओळीतली ही चूक भाषेच्या बाईंच्या डोळ्यांतून सुटत नाही.

दुसरा अर्ज लिहायला सोपा वाटला होता, पण तिथेच जास्त वेळ गेला, आणि तो सगळा तारखांवर. तिने लिहिलं होतं ‘मंगळ ते शुक्र ४ दिवस’. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि एकेका दिवसावर बोट ठेवायला सांगितलं. मंगळवार १८, निघायचा दिवस. एसटी सकाळची, म्हणजे शाळा बुडणार. बुधवार १९, हळद. पण त्या दिवशी शिवजयंती, सार्वजनिक सुट्टी. हा दिवस मागायचाच नाही, कारण तो हजेरीत धरला जात नाही. गुरुवार २० लग्न. शुक्रवार २१ सत्यनारायण. “आणि परत कधी?” मी विचारलं. ते तिला माहीत नव्हतं. मेव्हण्यांना विचारलं तर ते म्हणाले, पूजा आटपून शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघायचं, शनिवारी उजाडता उजाडता घरी. शनिवारी सकाळची शाळा असते. रात्रभर एसटीत बसून आलेली मुलगी पहाटे उतरून दप्तर घेऊन शाळेत जाणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. मग शनिवार २२ लिहायचाच.

म्हणजे दिवस चारच झाले, पण तिने धरलेले चार नव्हेत. १८, २०, २१ आणि २२. तिने नुसतं ‘चार दिवस’ लिहून दिलं असतं तर बाईंनी शुक्रवारपर्यंत मोजलं असतं आणि शनिवारी ती विनापरवानगी गैरहजर ठरली असती. म्हणून ‘ते’ घालून पहिली आणि शेवटची तारीख द्यायचीच, पण मध्ये सुट्टी येत असेल तर मजकुरात एकेक तारीख सुटी लिहायची, आणि परत कोणत्या दिवशी वर्गात बसणार ते वेगळं सांगायचं. इतर काही नाही तरी हे शेवटचं वाक्य शिक्षिका बघतेच.

२१ तारखेपासून दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू होणार होती आणि भाचीची शाळा परीक्षाकेंद्र आहे. नववीचे वर्ग त्या दिवशी भरणार की नाही हे अजून सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, मग २१ सोडून देऊ का? मी म्हटलं, लिही. जे ठरलेलं नाही ते आपण गृहीत धरायचं नाही. सुट्टी असेल तर बाई खोडतील.

मग पोवाडा. १९ ला सुट्टी असली तरी शाळेत जयंतीचा कार्यक्रम असतो आणि ही झीलकऱ्यांत होती. तिच्या टिपणात त्यापुढे तीन उद्गारचिन्हं होती, कारण मनातून तिला तो सोडायचा नव्हता. तिला वाटत होतं की सुट्टीच्या दिवसाचा उल्लेख सुट्टीच्या अर्जात कशाला. हजेरीच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. पण कार्यक्रम बसवणाऱ्यांना एक मुलगी कमी पडणार हे आठवडाभर आधी कळलं तर दुसरी तयार करता येते, आदल्या दिवशी कळलं तर नाही. म्हणून एक वाक्य घातलं, आणि पोवाडा बसवणाऱ्या सरांना तोंडी वेगळं सांगायचं ठरलं. वर्गशिक्षिकेला दिलेला अर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नसतं.

प्रयोगवहीचं मात्र मी ऐकलं नाही. ‘ती नंतर देते’ हे तिचं वाक्य अर्जात घालायला मी नकार दिला. सुट्टीही मागायची आणि मुदतवाढही, असं एकाच कागदात केलं की देणाऱ्याचा हात आखडतो. भूमितीच्या चाचणीची गोष्ट वेगळी, ती आजारपणात बुडली. लग्नाची तारीख आधी माहीत आहे, तेव्हा वही आधी देता येते. किती प्रयोग राहिलेत विचारलं तर तीन, आणि आकृत्या. मध्ये पूर्ण आठवडा होता. ती जरा कुरकुरली, पण ‘दि. २० ऐवजी दि. १७ रोजी जमा करीन’ हे तिनेच लिहिलं.

‘घरी कोणीच नाही’ हे कारण तिला ठेवायचं होतं. ते खरंही होतं. तरी मी काढायला लावलं. बहिणीचं लग्न हे एकच कारण पुरेसं आहे. त्याच्या मागे दुसरं कारण जोडलं की पहिलं कमी पडतंय असं वाटायला लागतं. हळद, पूजा हेही गेलं. ‘पाहिजेच’ कुठे गेलं ते सांगायला नको.

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता ९ वी, तुकडी ब,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : चुलत बहिणीच्या विवाहासाठी दि. १८ ते २२ फेब्रुवारी या काळात सुट्टी मिळण्याबाबत.

महोदया,
मी इयत्ता ९ वी ब मधील विद्यार्थिनी असून माझा हजेरी क्रमांक २७ आहे. माझ्या चुलत बहिणीचा विवाह गुरुवार, दि. २० फेब्रुवारी रोजी बार्शी येथे आहे. त्यासाठी मी आईवडिलांसोबत दि. १८ रोजी सकाळी जाणार असून दि. २२ रोजी सकाळी परत येणार आहे. दि. १९ ची शिवजयंतीची सुट्टी वगळता दि. १८, २०, २१ व २२ असे चार दिवस मी शाळेत उपस्थित राहू शकणार नाही.

शिवजयंतीच्या कार्यक्रमातील पोवाड्यात माझा सहभाग आहे. माझ्या जागी दुसऱ्या विद्यार्थिनीची निवड व्हावी, म्हणून हे आधी कळवत आहे. विज्ञानाची प्रयोगवही मी दि. २० ऐवजी दि. १७ रोजी जमा करीन. सोमवार, दि. २४ पासून मी शाळेत नियमित उपस्थित राहीन.

तरी मला वरील चार दिवसांची सुट्टी मंजूर करावी, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव)

पालकांची सही :

तिने दोन्ही अर्ज आखीव कागदावर पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवले. वहीतलं पान फाडून देऊ नकोस, एवढंच मी म्हटलं होतं. बहिणीने सही करण्याआधी दोन्ही वाचले. ते मला आवश्यक वाटतं. कित्येक घरांत मूल कागद पुढे करतं आणि आई पोळ्या लाटता लाटता सही करते. बहिणीने दुसऱ्या अर्जात सहीखाली स्वतःहून मोबाइल नंबर घातला, म्हणजे बाईंना खात्री करायची झाली तर सोपं. हे मला सुचलं नव्हतं.

एक गोष्ट ऑफिसच्या सवयीने करून घेतली. दुसऱ्या अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावला. पहिला गेला तर चिठ्ठी घरात आहे, दुसरा हरवला तर आधी कळवल्याचा पुरावाच राहत नाही. चार दिवसांहून जास्त सुट्टी असती तर अर्ज ‘वर्गशिक्षिका यांच्यामार्फत’ मुख्याध्यापकांच्या नावे करायला लागला असता. तिच्या शाळेत तसा नियम आहे. प्रत्येक शाळेची मर्यादा वेगळी असते, ती आधी विचारून घ्यावी.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. पहिला अर्ज बाईंनी वाचून कॅटलॉगमध्ये ठेवला आणि भूमितीची चाचणी गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर द्यायला सांगितलं. दुसरा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, असं ती म्हणाली. मग लाल पेनने २१ वर रेघ मारून बाजूला ‘केंद्र, सुट्टी’ लिहिलं, ‘चार’चे ‘तीन’ केले आणि खाली ‘मंजूर’ लिहून सही केली. सहीच्या खाली आणखी एक ओळ होती, ‘प्रयोगवही १७ लाच.’

“रागावल्या का?” मी विचारलं.

“नाही. म्हणाल्या, लग्न आहे हे सरळ लिहिलंस ते बरं केलंस. आणि तो फोटो काढलेला ना मावशी, तो मी पोवाड्याच्या सरांना दाखवला, त्यांनी लगेच दुसरी घेतली.” मग घाईघाईने, “ठेवते, अजून दोन प्रयोगांच्या आकृत्या राहिल्यात.”